मागचं पान उघडायचं नाही

वॉर्डातली नोकरी सोडून जुन्नर-आंबेगाव भागातल्या नर्सिंगच्या मुलींना शिकवायला लागले, तेव्हा पहिल्याच पावसाळ्यात प्राचार्या मॅडमनी एक काम सोपवलं. अंतर्गत परीक्षेसाठी सर्पदंशावर केसवर आधारलेला प्रश्नसंच करायचा, प्रश्न पायरीपायरीने विचारायचे आणि गुण विचाराला द्यायचे. मी मान डोलावली आणि टेबलाशी येऊन बसले. विचाराला गुण द्यायचे म्हणजे नेमके कशाला द्यायचे, हे कळत नव्हतं. जुन्या फाइलीत एक प्रश्न सापडला: ‘सर्पदंश झालेल्या रुग्णाची परिचर्या लिहा. गुण १५.’ त्यावरून हा नवा प्रकार कसा बांधायचा, याचा काही उलगडा होईना.

मॅडमनी तो प्रश्न वाचला आणि म्हणाल्या, “यात सगळ्यात अवघड काम आपणच करून टाकलंय. साप चावलाय हे सांगून टाकलं. पहाटे दारात आलेली बाई हे सांगत नाही.”

हे ऐकल्यावर केस कोणती घ्यायची ते ठरलं. मण्यार. या भागात सर्पदंश नवा नाही. नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत आणि डॉ. पल्लवी राऊत दीर्घकाळ त्यावर काम करत आले आहेत. केंद्र सरकारने २०२४ च्या मार्चमध्ये सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा काढला, त्यात २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचं उद्दिष्ट आहे. घोणस किंवा फुरसं चावलं तर सूज, वेदना, रक्तस्राव यांतून ते बहुतेक वेळा कळतं. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दात बारीक, सूज नाही, खूण बहुधा दिसतच नाही. माणूस उठतो तो पोटदुखीने. विचार तपासायला याहून चांगली केस मला सुचली नसती.

रुग्ण आम्ही कल्पनेतली घेतली. वय ३४, डिंभ्याच्या वरच्या अंगाची, आदला दिवस भातलावणीत गेलेला, रात्री घरात जमिनीवर झोपलेली. पहाटे तीनला पोटात दुखायला लागलं, दोनदा उलटी झाली. साडेचारला प्राथमिक आरोग्य केंद्रात आणली. नाडी १०४, रक्तदाब १३०/८४, ताप नाही, ऑक्सिजन ९८. वैद्यकीय अधिकारी क्वार्टरमधून निघालेत, दहा मिनिटं लागतील. पहिल्या पानावर एवढंच. खाली प्रश्न: डॉक्टर येईपर्यंत तुम्ही कोणत्या तीन गोष्टी बघाल, कोणत्या क्रमाने, आणि प्रत्येक का?

‘तीनच’ हा शब्द मॅडमनी घातला. मी “काय काय बघाल” असं लिहिलं होतं. त्यांचं म्हणणं, मोकळं सोडलं की मुली आठवेल ते सगळं लिहितात, त्यात बरोबर उत्तरही असतंच, आणि तपासणाऱ्याला गुण द्यावे लागतात. तीनच लिहायचे म्हटल्यावर निवड करावी लागते. निवडीमागे कारण लागतं. ते कारण आपल्याला वाचायचंय.

दुसरी अट होती ती मला आधी शाळकरी वाटली: एक पान लिहून दिल्यावरच दुसरं मिळेल आणि मागचं पुन्हा उघडायचं नाही. ही पद्धत ब्रिटनमध्ये जनरल प्रॅक्टिशनर डॉक्टरांच्या परीक्षेसाठी पूर्वीच वापरली गेली आहे. कारण साधं आहे. दुसऱ्या पानावर “पापण्या खाली येत आहेत” असं छापलेलं असतं. ते वाचून पहिल्या पानावर “मी पापण्या बघेन” लिहिता आलं तर परीक्षा कशाची घेतली? शिवाय दुसरं पान नवी माहिती देऊनच सुरू होतं, त्यामुळे पहिल्या पानावर भरकटलेली मुलगीही पुन्हा रस्त्यावर येते. एका चुकीची शिक्षा पाच वेळा होत नाही.

दुसरं पान असं: अंगावर खूण नाही. बाई म्हणते, झोप येतेय. डोळे उघडायला सांगितले तर कपाळाला आठ्या पाडून उघडते, पण पापण्या अर्ध्यावरच राहतात. बाहुल्या बारीक नाहीत, घाम नाही, लाळ गळत नाही. शेवटचं वाक्य मी मुद्दाम घातलं. आपल्याकडे टोमॅटो-द्राक्षावरची फवारणी घरोघर, त्यामुळे उलटी आणि पोटदुखी म्हटलं की मुलींच्या डोक्यात आधी औषध पोटात गेल्याची शंका येते. पहिल्या पानावर ती शंका रास्त आहे, तिला पूर्ण गुण. पण फवारणीच्या औषधाने सहसा बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, घाम आणि लाळ सुटते. दुसऱ्या पानावरची माहिती वाचूनही शंका तशीच धरून बसलेल्या उत्तराला तर्काचे गुण नाहीत.

प्रत्येक पानाला ५ गुण. काय दिसलं याला १, त्याचा अर्थ आणि तो कशावरून लावला याला २, आता काय करणार आणि कधी याला १, आणि काय आढळलं तर मत बदलेन याला १. हे शेवटचं कलम मला सुरुवातीला शोभेचं वाटलं होतं. तिसऱ्या पानाने तो समज काढून टाकला.

तिसऱ्या पानावर वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी आहे. शिरेतून २ मिलि रक्त काढून स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घालायचं, २० मिनिटं न हलवता ठेवायचं, मग नळी तिरकी करून बघायची. प्लास्टिकच्या नळीत चाचणी फसते, कारण गोठण्याची क्रिया काचेच्या स्पर्शाने सुरू होते. आमच्या केसमध्ये रक्त गोठलं. प्रश्न: यावरून काय कळलं, काय कळलं नाही?

दोन उत्तरं सांगते. पहिलं: “रक्त गोठले, म्हणजे विष चढलेले नाही. निरीक्षणाखाली ठेवावे. मण्यार असू शकते.” दुसरं: “घोणस, फुरसे नसावे कारण त्यांच्या विषाने रक्त गोठत नाही. पण पापण्या पडल्या आहेत, ते मज्जातंतूचे काम आहे, ही टेस्ट ते दाखवत नाही. नाग किंवा मण्यार. नाग असता तर चावलेल्या जागी सूज आली असती असे वाटते. सूज दिसली तर नाग म्हणेन.” पहिल्यात मण्यारीचं नाव आहे, पण बाई धोक्याबाहेर असल्याचा निष्कर्ष काढून झाल्यावर. त्याला निरीक्षणाचा १. दुसऱ्याला ४, डॉक्टरांना काय आणि कधी कळवायचं ते लिहिलं नाही म्हणून एक कापला. सुरुवातीला या पहिल्या उत्तराला मी ३ द्यायला निघाले होते आणि मॅडम १ वर ठाम होत्या. त्या वादातून नमुना उत्तरं तयार झाली: प्रत्येक पानाला एक १ गुणाचं, एक ३ चं, एक ५ चं, खऱ्या मुलींच्या भाषेत लिहिलेलं. दोघींनी आधी ती वाचायची, मगच गठ्ठा उघडायचा. नुसत्या तक्त्यावर दोन तपासनीस जुळत नाहीत. भाषेचे गुण आम्ही ठेवलेच नाहीत. घाटमाथ्याच्या गावांतून आलेल्या मुली तुटक लिहितात, आणि तुटक वाक्यातही “कारण” असतं.

चौथं पान औषधाचं, तिथे फार रेंगाळत नाही. प्रतिसर्पविषाच्या १० बाटल्या, प्रत्येक भुकटी १० मिलि पाण्यात, जोरात न हलवता नुसती फिरवून विरघळवायची, सलाईनमधून साधारण तासाभरात. मध्येच अंगावर गांधी उठतात, खोकला येतो, रक्तदाब ८६/५०. औषध थांबवायचं, अॅड्रेनलिन ०.५ मिग्रॅ मांडीच्या स्नायूत. ते आधीच भरून ठेवलेलं हवं. बाई सावरली की औषध पुन्हा सुरू. “आधी टेस्ट डोस देईन” असं अजून अनेकजणी लिहितात. ती पद्धत केव्हाच मोडीत निघाली आहे, कारण त्यावरून पुढची रिॲक्शन ओळखता येत नाही. जोडप्रश्न: हीच तिची आठ वर्षांची मुलगी असती तर? बाटल्या तेवढ्याच. सापाने विष मूल बघून कमी सोडलेलं नसतं. अॅड्रेनलिन मात्र वजनाप्रमाणे. वर्गात हा प्रश्न सगळ्यात जास्त गाजला.

पाचव्या पानावर मी सगळ्यात जास्त वेळ घातला. सव्वासहा वाजलेत. १० बाटल्या जाऊनही पापण्या उघडलेल्या नाहीत. एका श्वासात मगाशी २२ पर्यंत आकडे मोजत होती, आता ११. मान उशीवरून उचलत नाही, थुंकी गिळता येत नाही. ऑक्सिजन ९७. १०८ ची गाडी दारात आहे. प्रश्न: औषध देऊनही सुधारणा का नाही? ९७ या आकड्यावर किती विसंबाल? वाटेत काय बघाल?

मण्यारीचं विष मज्जातंतूची टोकंच निकामी करतं. प्रतिसर्पविष रक्तात फिरणारं विष पकडतं, झालेली मोडतोड दुरुस्त करत नाही. टोकं पुन्हा तयार व्हायला दिवस लागतात, तोवर श्वास बाहेरून द्यावा लागतो. नागाच्या दंशात निओस्टिग्मीन उपयोगी पडतं, इथे फारसं नाही, तेही याच कारणाने. ऑक्सिजनचा आकडा सगळ्यात शेवटी घसरतो, विशेषतः नळीतून ऑक्सिजन चालू असेल तर. छातीचे स्नायू थकत असताना मशिनवर ९७ दिसत राहतात. म्हणून कुशीवर झोपवणं, घसा साफ ठेवणं, अंबू बॅग हाताशी, आणि दर थोड्या वेळाने आकडे मोजायला लावणं. ज्यांनी “ऑक्सिजन नॉर्मल, रुग्ण स्थिर” लिहिलं त्यांना या पानावर फार कमी गुण पडले, आणि त्यांतल्या काही जणींचे जुन्या पद्धतीच्या पेपरात वरचे नंबर होते.

इथे एक लाल रेघही ठेवली. गिळता न येणाऱ्या बाईला पाणी पाजणं, दंशाच्या शंकेने कापणं किंवा आवळून बांधणं, तिला एकटी पाठवणं, यातलं काही लिहिलं तर त्या पानाचे कृतीचे आणि अर्थाचे गुण गेले. बाकीची पानं शाबूत.

या संचाच्या मर्यादा आहेत. तपासायला वेळ जुन्या पेपरच्या कितीतरी पट लागतो. अंबू बॅग तोंडाला घट्ट बसवता येते का, हे कागद सांगत नाही; ते बाहुलीवर वेगळं बघावं लागतं. आणि एकदा वापरलेली केस पुढच्या तुकडीला आधीच पाठ असते, म्हणून यंदा रक्त गोठू न देणारी घोणस घ्यायची ठरली आहे.

दुसऱ्या शाळेतल्या कोणा ट्यूटरला असा संच करायचा असेल तर एक विनंती: प्रश्न लिहायच्या आधी १, ३ आणि ५ गुणांची उत्तरं लिहून सहकाऱ्याला तपासायला द्या. तिथे दोघांचे गुण जुळले नाहीत तर प्रश्न अजून तयार नाही.