रेषेबाहेरचे दोन बिंदू

बडोद्यात मे महिन्यात पंचवीस अंशांचं पाणी मिळत नाही. आमच्या प्रयोगशाळेतल्या वॉटर बाथला पाणी तापवता यायचं, गार करता यायचं नाही. बाहेर बेचाळीस, आत अडतीस. तेव्हा मॅडमनी एमएस्सीच्या माझ्या प्रकल्पाचे सगळे प्रयोग सरळ चाळीस अंशांवर करायला सांगितले. जे तापमान आपल्याला धरून ठेवता येतं तेच खरं, असं त्यांचं म्हणणं होतं. मला ते तेव्हा गैरसोयीवर घातलेलं पांघरूण वाटलं होतं.

प्रयोग दिसायला अगदी साधा होता. सोडिअम डोडेसिल सल्फेट, बोलण्यात एसडीएस, म्हणजे टूथपेस्टला आणि शाम्पूला फेस आणणारी पांढरी पूड. तिच्या रेणूला बारा कार्बनची तेलकट शेपटी असते आणि पाण्याला धरून राहणारं विद्युतभारित डोकं. पाण्यात थोडी पूड टाकली की रेणू सुटे फिरतात. टाकत गेलं की एका ठरावीक संहतीला पोचल्यावर ते एकमेकांच्या शेपट्या आत दडवून गोळा होतात. साधारण साठेक रेणूंचा एक गोळा. त्याला मिसेल म्हणतात. गोळे कुठल्या संहतीला बनू लागतात, ते शोधायचं होतं.

डोळ्यांना यातलं काही दिसत नाही. पाणी आधीही नितळ असतं आणि नंतरही. पण विजेला ते कळतं. सुटे रेणू पाण्यात असताना त्यांचं डोकं आणि सोबतचा सोडिअम आयन, दोघंही वीज वाहून नेतात. गोळा बनला की त्याच्या पृष्ठभागावर ऋणभार इतका दाटतो की निम्म्याहून जास्त सोडिअम आयन तिथंच चिकटून बसतात आणि वीज वाहण्याच्या कामातून जवळजवळ बाद होतात. म्हणून पूड वाढवत नेली तरी विद्युतवाहकता पहिल्यासारखी भरभर वाढत नाही. आलेखावर आधी एक उभट रेषा चढते, मग कोपरातून हात वाकवावा तशी ती सपाट दिशेनं वळते. दोन्ही रेषा पुढे-मागे वाढवल्या की जिथं छेदतात, ती मिसेल बनू लागण्याची संहती.

मी बीकरमध्ये ५० मिलिलीटर ऊर्ध्वपातित पाणी घेतलं, सेल त्यात बुडवला आणि ब्युरेटमध्ये ०.१ मोलर एसडीएस भरलं. दर वेळी अर्धा मिलिलीटर सोडायचा, हलक्या हातानं ढवळायचं, आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं आणि लिहायचं. असं दहा मिलिलीटरपर्यंत, म्हणजे वीस वाचनं. ढवळताना घाई केली की फेस होतो, सेलच्या काळ्या पत्र्यांवर बुडबुडे बसतात आणि वाचन एकदम खाली येतं. तसं झालं तर सेल वर काढून पुन्हा बुडवायचा. ब्युरेटमधून पडणाऱ्या द्रावानं बीकरमधलं एकूण आकारमानही वाढतं. चार मिलिलीटर घातल्यावर ते चोपन्न होतं, त्यामुळे संहती आठ नव्हे, ७.४ मिलिमोलर. हा हिशोब विसरला तर उत्तर जवळजवळ दहा टक्क्यांनी फुगतं. मी विसरले नव्हते. पहिल्या दिवशी मी सगळं नीट केलं होतं.

रात्री घरी जेवणाच्या टेबलावर आलेख कागद पसरला. पहिली रेषा सुरेख आली. एका मिलिमोलरला ८६ मायक्रोसिमेन्स असा तिचा चढ होता. दुसरीचा चढ ३५. मधले दोन बिंदू, ८.२६ आणि ९.०९ मिलिमोलरचे, कुठल्याच रेषेवर नव्हते. कोपर टोकदार नसतं, गोलसर असतं. गोळे एका क्षणात बनत नाहीत, ते थोड्या संहतीच्या पट्ट्यात बनू लागतात. ते दोन बिंदू मी सोडून दिले आणि कॅल्क्युलेटरवर छेद काढला. ८.६१.

पुस्तकात लिहिलं होतं ८.२.

तो आकडा पंचवीस अंशांचा आहे हे मला माहीत होतं. पण तापमानानं वाहकता वाढते तर दोन्ही रेषांची वाढेल, छेद जागच्या जागी राहील, असा मी स्वतःशी युक्तिवाद केला. म्हणजे चूक माझीच असणार. पूड तोलताना झाली असेल किंवा ब्युरेट वाचताना. पुन्हा प्रयोग करायला एक दिवस गेला असता. प्रबंध टाइपिंगला द्यायची तारीख जवळ आली होती. मी पेन्सिल घेतली आणि सोडलेले दोन्ही बिंदू दुसऱ्या रेषेत धरले. शेवटची चार वाचनं, तिथं बुडबुडे असतील असं स्वतःला सांगून, गाळली. नवा छेद आला ८.३४. आई विचारायला आली, झालं का? मी म्हटलं, झालं.

त्या दोन बिंदूंनी काय केलं ते आता उघड दिसतं. कोपराजवळचे बिंदू दोन्ही रेषांच्या खाली लोंबतात. त्यांना दुसऱ्या रेषेत ओढलं की तिचं डावं टोक खाली झुकतं आणि ती पहिल्या रेषेला लवकर भेटते. उलट ते पहिल्या रेषेत घातले असते तर छेद उजवीकडे सरकला असता. म्हणजे कोपराजवळचे एक-दोन बिंदू इकडचे तिकडे करून मला हवा तो आकडा काढता येत होता, आणि कागदावर रेषा मात्र सरळच दिसत होत्या.

मॅडम गुजराती होत्या. रागावल्या की इंग्रजीत बोलायच्या आणि खरंच काही समजून घ्यायचं असलं की गुजरातीत. त्यांनी आलेख खिडकीकडे धरला, ८.२६ च्या बिंदूवर नख ठेवलं आणि विचारलं, "आ पॉइन्ट कोनो छे?"

हा बिंदू कुणाचा?

मी म्हटलं, दुसऱ्या रेषेचा. त्या म्हणाल्या, "तुझं उत्तर ८.३४ आहे. मग ८.२६ ला गोळे बनायच्या आधीच हा पलीकडच्या रेषेत कसा गेला?" मला काही बोलता आलं नाही. त्यांनी कच्ची वही मागितली. कच्च्या वहीत वीसही वाचनं होती आणि शेवटच्या चारांपुढे बुडबुड्यांची नोंद नव्हती.

त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडून तीन छेद काढून घेतले. एक दोन्ही बिंदू सोडून, एक फक्त ९.०९ चा बिंदू दुसऱ्या रेषेत धरून आणि एक माझ्या पद्धतीनं. पहिले दोन एकमेकांपासून शतांशानं हलले. तिसरा पाव मिलिमोलरनं पडला. "एक बिंदू ठेवला की उत्तर एवढं पडतं, तर ते उत्तर तुझं नाही, त्या बिंदूचं आहे," त्या म्हणाल्या. मग पहिल्या रेषेचा चढ पाहिला. पंचवीस अंशांवर तो साधारण ६६ येतो, मीटरचं तापमान-समायोजन बंद होतं, आणि आयनांची वाहकता अंशाला सुमारे दोन टक्के वाढते. पंधरा अंशांत ६६ चे ८६ होणं बरोबर होतं. बाथ खरंच चाळीस अंशांवर होता, पूडही नीट तोलली होती.

शेवटी त्यांनी कपाटातून एक झेरॉक्स काढली. पशुपती मुखर्जी आणि कॅरोल मायसेल्स यांनी १९७१ साली अशा शेकडो पदार्थांच्या मोजमापांचं संकलन छापलं होतं, तापमानाप्रमाणे आणि मोजण्याच्या पद्धतीप्रमाणे. त्यातून मला समजलं की तापमान नुसती वाहकता बदलत नाही, गोळे बनण्याची संहतीही बदलते. एसडीएसची ती पंचविसाच्या आसपास सर्वांत कमी असते, पुढे तापवलं की हळूहळू वाढते. चाळीस अंशांवर ती साधारण ८.६ असते.

माझं पहिलं उत्तर बरोबर होतं. पुस्तकाशी जुळवून घेण्याच्या नादात मी ते स्वतःच्या हातानं चुकवलं होतं.

ते प्रकरण तिथंच संपत नव्हतं. माझा पुढचा सगळा प्रकल्प मिठाचा परिणाम मोजण्याचा होता. मीठ घातलं की डोक्यांमधली ढकलाढकल कमी होते आणि गोळे लवकर बनतात. ही घट बिनमिठाच्या आकड्यातून वजा करून मिळणार होती. तो आकडा ८.३४ धरला असता तर मिठाचा प्रत्येक परिणाम पाव मिलिमोलरनं कमी निघाला असता, आणि सगळे सारखेच चुकल्यामुळे तक्ता सुबक दिसला असता. तो कुणी तपासला नसता. शिवाय मीठ वाढलं की त्याचीच वाहकता इतकी होते की कोपर बोथट होत जातं, शेवटी दिसेनासं होतं. तिथं बिंदू वाटून घ्यायचा मोह आणखी मोठा असतो.

साबणाच्या पाण्यातली वीज मोजूनच जेम्स मॅकबेन यांना ब्रिस्टलमध्ये या गोळ्यांचा सुगावा लागला होता. पाण्यातले कण मोजले तर कमी भरायचे, वीज मात्र भरपूर वाहायची. १९१३ साली त्यांनी सुचवलं की विद्युतभारित रेणू गोळा होत असावेत, आणि जाणत्यांना ते पटलं नाही. जमत नव्हती ती दोन मोजमापं त्यांनी जुळवून घेतली नाहीत, तशीच शेजारी शेजारी ठेवली. हेच मॅकबेन पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले संचालक झाले. पाषाण रस्त्यावरून जाताना मला त्यांची आठवण येते आणि थोडी लाजही वाटते.

आता मी शिकवते. मुलं संगणकावर रेषा काढतात, कॅल्क्युलेटर कुणी वापरत नाही. मी त्यांना एवढंच सांगते की कोपराजवळचे कुठले बिंदू सोडायचे ते छेद काढण्याआधी वहीत लिहा, आणि मग एक-एक बिंदू काढून उत्तर किती हलतं ते त्याच्याखाली लिहा. काही जण ८.२ लिहून आणतात. बाथचं तापमान विचारलं की गप्प होतात. तेव्हा मी आलेख खिडकीकडे धरते आणि एका बिंदूवर नख ठेवते.