मंजुरीपत्र वाचताना

राजारामपुरीतल्या फ्लॅटसाठी भाऊजींना बँकेचं वीस लाखांचं मंजुरीपत्र आलं. सही व्हायच्या आधी जाऊबाई आणि मी ते ओळ न् ओळ वाचलं.

व्याज फ्लोटिंग होतं: रेपो दर ५.२५ अधिक बँकेचे २.७५, म्हणजे ८ टक्के. वीस वर्षं, हप्ता १६,७२९ रुपये. रिझर्व्ह बँकेनं रेपो बदलला की तीन महिन्यांच्या आत आपलाही दर बदलतो. सुरुवातीलाच पाव टक्का वाढला आणि हप्ता तोच ठेवला, तर २४० ऐवजी २५२ हप्ते भरावे लागतात. मुदत तीच ठेवली, तर हप्ता फक्त ३१२ रुपयांनी वाढतो. म्हणून दर वाढल्यावर बँक मुदत वाढवणार की हप्ता, हे आधीच विचारायचं.

प्रक्रिया शुल्क अर्धा टक्का, म्हणजे दहा हजार लिहिलं होतं. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की ११,८०० होतात.

मुदतपूर्व फेडीवर शुल्क नव्हतं. स्वतःच्या नावावरच्या फ्लोटिंग घरकर्जावर बँकेला ते लावताच येत नाही. दर स्थिर असेल तर मात्र लागू शकतं. भिशीचे पैसे लागले की जाऊबाई कर्जात भरणार आहेत, आणि 'हप्ता नको, मुदत कमी करा' असं लेखी देणार आहेत.