दिवाळीनंतर आलेली मुलं

हिंगणघाटच्या बाजारात कापूस यायला लागला की जिनिंग सुरू होतात, गावाबाहेर विटाभट्ट्या लागतात आणि माझ्या वर्गात नवी मुलं येऊ लागतात. कुणी छत्तीसगडचं, कुणी बालाघाटकडचं, कुणी मेळघाटातलं. एकदम येत नाहीत; एकेक, दोन-दोन करून, कधी थेट जानेवारीत. दाखल्यावाचून अडत नाही, कारण २००९च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही आणि मूल वयाला साजेशा वर्गात बसतं. पण हजेरीत नाव चढलं म्हणजे मैदानावर जागा मिळाली असं होत नाही. ती जागा मी खेळातून करते.

नव्या मुलाला वर्गासमोर उभं करून नाव-गाव सांगायला लावायची आपल्याकडे पद्धत आहे. मी ते पहिल्या दिवशी करत नाही. चाळीस डोळे आपल्यावर आणि तोंडात वेगळीच भाषा, अशा वेळी मूल एक शब्द बोलतं आणि मागून कुणीतरी हसतं. त्या हसण्याने पुढचे आठ दिवस जातात. संगीत खुर्चीही नको, कारण नवखं मूल पहिल्यांदा बाद होतं आणि मग उरलेला सगळा वेळ बाहेर बसतं. खो-खो मला फार प्रिय, तरी तोही लगेच नको. पाठलाग करताना मागे वळायचं नाही, मधली पट्टी ओलांडायची नाही, हे अंगवळणी पडेपर्यंत नव्या मुलाकडून फाऊल होतच राहतात आणि त्याच्याच गटातले त्याच्यावर ओरडतात.

म्हणून मी लगोरी घेते. सात चपट्या खापऱ्या आणि चिंध्यांचा घट्ट बांधलेला चेंडू, एवढंच लागतं. चिंध्यांचाच हवा, कारण रबरी चेंडू पाठीत बसला की लहान मूल पुन्हा खेळायला येत नाही. एक डाव नुसता पाहिला तरी नियम कळतात, भाषा लागत नाही. शिवाय छत्तीसगडच्या मुलांना हा खेळ ‘पिट्ठुल’ म्हणून घरचाच आहे. २०२२मध्ये तिथल्या सरकारने भरवलेल्या छत्तीसगढिया ऑलिम्पिकमध्ये गेंडी, फुगडी, बांटी यांच्या जोडीला पिट्ठुलही होता.

गट पाडायला मी दोन म्होरके नेमत नाही. म्होरके निवडू लागले की नवं मूल शेवटी उरतं, आणि ते सगळ्यांना दिसतं. पिशवीत काळे-पांढरे खडे ठेवते. ज्याच्या हाती जो येईल तो त्याचा गट. नव्या मुलाला त्याच गटातला एक जोडीदार देते. त्याने समजावत बसायचं नाही, फक्त जवळ राहायचं. जोडीदार दर आठवड्याला बदलते, नाहीतर एकाच गुणी मुलावर सगळं ओझं पडतं आणि तो कंटाळतो.

एका वर्षी नोव्हेंबरात भट्टीवरची एक मुलगी आली, कडेवर लहान भाऊ. आई-बाप विटा थापत असताना त्याला सांभाळणं तिच्याकडे होतं, त्यामुळे धावणं शक्य नव्हतं. तिला मी खापऱ्या रचायच्या ठिकाणी बसवलं, भाऊ शेजारी. लगोरी फुटली की विखुरलेल्या खापऱ्या बाकीच्यांनी तिच्याकडे सरकवायच्या आणि रचायच्या तिनेच, असा नियम आम्ही दोन्ही गटांसाठी केला. दुसऱ्या गटानेही आपला एक रचणारा बसवला. मोठी खापरी खाली, खडबडीत बाजू वर, हे तिला सांगावं लागलं नाही. थोड्याच दिवसांत मुलं खापऱ्या तिच्या हाती देताना तिचं नाव घेऊ लागली.

खेळ लागू पडला की नाही, हे मी हसण्यावरून ठरवत नाही. नवं मूल भीतीनेही हसतं. मी भांडणाची वाट पाहते. एके दिवशी चेंडू तिच्या खांद्याजवळून गेला. समोरचा पोरगा ओरडला, “लागला ना वं!” ती ताडकन उभी राहिली, “नइ लागिस!” आणि तिच्या गटातली चार पोरं तिच्या बाजूने भांडायला धावली. त्यानंतर तिला जोडीदार दिला नाही. खिचडीच्या पंगतीत ती कुठे बसते, एवढंच पाहत राहिले.

या खेळाने मराठी वाचता येत नाही. त्याला वेगळा वेळ, वेगळी पाटी लागते. जे मूल भट्टीवरच राबतं आणि शाळेत येतच नाही, त्याच्यापर्यंत तर लगोरी पोचतही नाही. त्यासाठी सकाळी भट्टीवर जाऊन आईशी बोलावं लागतं, आणि लहान भावालाही घेऊन ये म्हणून सांगावं लागतं.

पावसाआधी भट्ट्या विझतात आणि मुलं जातात. निघताना हातात शिक्षण हमी कार्ड देते, म्हणजे पुढच्या शाळेला मूल कुठल्या वर्गात होतं ते कळतं. त्या मुलीच्या वेळी रचणाऱ्याच्या जागेसाठी वर्गात तिघांची ओढाताण झाली. तिने जायच्या आदल्या दिवशी तिघांनाही रचायला लावलं आणि ज्याच्या खापऱ्या हलल्या नाहीत त्याला बसवलं.