तुटलेल्या कॉलचा एक रुपया आणि ट्रायचा जाब

थोडं लांब लिहितोय, सवडीने वाचा.

टोकावड्याच्या बाजारात एका किराणा दुकानदाराने परवा विचारलं, "दादा, कॉल तुटला की कंपनी रुपया देणार होती ना? त्याचं काय झालं?" प्रश्न जुना आहे, पण शहापूर-मुरबाडमध्ये तो जुना होत नाही. डोळखांबच्या पुढे गेलं की अजून आपण बांधावर चढून, फोन कानाला घट्ट दाबून बोलतो. मी स्वतः कितीतरी बातम्या अशा तीन-चार तुकड्यांत फोनवर सांगितल्यात. म्हणून त्या रुपयाची गोष्ट नीट सांगतो. टेलिकॉम कंपन्यांवर लक्ष ठेवणारी ट्राय नावाची संस्था कशी चालते आणि तिला जाब कोण विचारू शकतं, हे त्यातून समजतं.

ट्राय १९९७ च्या कायद्याने झाली. ती सरकारी खातं नाही, स्वायत्त प्राधिकरण आहे. आपण निवडून दिलेला कुणीही तिथे बसत नाही, तरी तिने केलेला नियम देशभरच्या कंपन्यांना बांधून घेतो. सुरुवातीला काही तंटे सोडवायचं कामही तिच्याकडेच होतं. २००० मध्ये कायदा बदलला, तंटे काढून टीडीसॅट या न्यायाधिकरणाकडे दिले, ट्रायकडे नियम करणं राहिलं. (शेअर बाजारात अशी फारकत झालेली नाही. सेबी नियम करते, चौकशी करते आणि तिचाच पूर्णवेळ सदस्य ऐकून आदेश देतो. अपील मात्र बाहेर, सॅटमध्ये. तो विषय वेगळ्या पोस्टचा.)

आता रुपया. २०१५ मध्ये कॉल ड्रॉपवरून देशभर ओरड झाली. ट्रायने सप्टेंबरमध्ये चर्चेचा मसुदा काढला, सूचना-हरकती मागवल्या आणि १६ ऑक्टोबर २०१५ ला नियम केला. कंपनीच्या नेटवर्कमध्ये कॉल तुटला तर ज्याने फोन लावला त्याच्या खात्यात एक रुपया जमा करायचा, दिवसाला जास्तीत जास्त तीन रुपये, आणि चार तासांत तसा मेसेज पाठवायचा. लागू १ जानेवारी २०१६ पासून. कंपन्या कोर्टात गेल्या. दिल्ली हायकोर्टाने फेब्रुवारीअखेर नियम कायम ठेवला. ११ मे २०१६ ला सुप्रीम कोर्टाने तो रद्द केला. खंडपीठ न्या. कुरियन जोसेफ आणि न्या. रोहिंटन नरिमन यांचं, निकाल नरिमन यांनी लिहिलेला.

तेव्हा आपल्याकडे सगळे म्हणाले, कंपन्यांनी मॅनेज केलं. निकाल वाचल्यावर चित्र वेगळं दिसतं. ट्रायचाच आधीचा नियम सांगत होता की सरासरी दोन टक्क्यांपर्यंत कॉल तुटले तर चालतील. म्हणजे कंपनी त्या मर्यादेत असली, नियम पाळत असली, तरी प्रत्येक तुटलेल्या कॉलला दंड. शिवाय ट्रायच्याच तांत्रिक कागदात लिहिलं होतं की सुमारे ३६.९ टक्के कॉल ग्राहकाच्या बाजूच्या कारणाने तुटतात. मग त्या कॉलचा रुपया कंपनीने का द्यायचा? कंपन्यांनी या हरकती घेतल्या होत्या. ट्रायने नियमासोबत जे स्पष्टीकरण जोडलं त्यात त्यांना धड उत्तर नव्हतं. ट्रायच्या कायद्यातच कलम ११(४) आहे, की कारभार पारदर्शक हवा. कोर्टाने तेच बोट ठेवलं: हरकती मागवता, तर त्यांना कारणासहित उत्तर द्या.

मला यातलं हे महत्त्वाचं वाटतं. नियम आपल्या बाजूचा होता. तो पडला त्यात कंपन्यांच्या वकिलांचा हात होताच, पण त्यांना पकडायला जागा ट्रायनेच ठेवली. मोठ्या प्राधिकरणाने "आम्हाला योग्य वाटलं" एवढ्यावर नियम केला की तो कुणाच्याही बाजूचा असो, कोर्टात टिकत नाही. आणि जिंकायचं तर सुप्रीम कोर्टापर्यंत जायची ऐपत लागते. कंपन्यांना ती आहे. ट्रायने आपल्या विरोधात नियम केला, किंवा आपल्यासाठी अर्धवट केला, तर टोकावड्याचा दुकानदार कुठे जाणार?

कागदावर वाट आहे. आधी कंपनीचं कॉल सेंटर, मग कंपनीचंच अपील प्राधिकरण. एकेकट्या ग्राहकाची तक्रार ट्राय सोडवत नाही, तो अधिकारच तिला नाही. २००९ च्या एका निकालामुळे ग्राहक मंचाचं दारही बरीच वर्षं अडलं होतं, ते फेब्रुवारी २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने मोकळं केलं. पण एका रुपयासाठी ठाण्याच्या आयोगात केस कोण करेल? मुरबाडहून कल्याणपर्यंतची एसटीच त्याहून कितीतरी महाग.

दोन टक्क्यांचंही ऐका, कारण खरी मेख तिथे होती. ही सरासरी पूर्ण सर्कलची काढत. समजा सर्कलमध्ये दिवसाला एक कोटी कॉल लागले, तर दोन लाख तुटले तरी कंपनी पास. आता डोळखांबकडच्या एका टॉवरवर पाचशेपैकी शंभर तुटले, म्हणजे वीस टक्के. कोटीच्या हिशेबात ते शंभर कुठे दिसणार? आणि लाइट गेली, बॅटरी उतरली, टॉवर बंद पडला, तर कॉल लागतच नाही. जो लागलाच नाही तो तुटलेल्यांत धरत नाहीत. टॉवर बंद राहण्याचा हिशेब वेगळा ठेवतात, पण कॉल ड्रॉपच्या आकड्यात मेलेला टॉवर कंपनीला त्रास देत नाही.

हे ट्रायलाही कळत होतं. २०१७ मध्ये तिने मोजणीच बदलली. ढोबळ मानाने, नव्वद टक्के टॉवरांवर नव्वद टक्के दिवस दोन टक्क्यांच्या आत राहिलं पाहिजे. आधीपेक्षा चांगलं, कोर्टात टिकेल असं. पण उरलेले दहा टक्के टॉवर कुठले असतील? माझा अंदाज, कसारा आणि माळशेजच्या बाजूचे जास्त, कल्याण स्टेशनजवळचे कमी. आणि कंपनी चुकली तर दंडाची रक्कम सरकारी खात्यात जाते. ज्याचा कॉल तुटला त्याला काही नाही.

त्याच निकालात कोर्टाने संसदेला सुचवलं होतं की अमेरिकेसारखा कायदा करा: प्राधिकरणाने मसुदा जाहीर करायचा, लोकांच्या हरकती घ्यायच्या आणि नियम करताना कारणं द्यायची. त्याआधी २०१३ मध्ये न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांच्या आयोगाने सेबीसारख्या आर्थिक नियामकांसाठी याच धर्तीवर लिहून ठेवलं होतं. सगळ्या नियामकांना बांधणारा तसा कायदा संसदेने अजून केलेला नाही. प्राधिकरणांचे नियम संसदेच्या पटलावर ठेवावे लागतात हे खरं. तिथे ते बहुतेक वेळा नुसते ठेवले जातात.

ऑगस्ट २०२४ मध्ये ट्रायने सेवेच्या दर्जाचे नवे नियम केले. कंपन्यांना आता आपल्या कव्हरेजचा नकाशा वेबसाइटवर टाकावा लागतो. तो उघडा आणि आपलं गाव रंगवलंय का बघा. रंगवलंय आणि फोन लागत नाही, तर स्क्रीनशॉट काढा, तारीख-वेळ लिहा, कंपनीकडे तक्रार करून नंबर घ्या. ट्रायचे मसुदे तिच्या वेबसाइटवर येतात, हरकतींना साधारण महिनाभराची मुदत असते. पण ते कागद बहुतेक इंग्रजीत. कंपन्यांच्या हरकती वीस-वीस पानांच्या जातात. आपल्या दोन तालुक्यांतून एक पानही गेल्याचं गेल्या वीस वर्षांत माझ्या कानावर नाही. पुढचा मसुदा आला की इथेच मराठीत टाकतो. ज्यांच्या गावात टॉवर असून नसल्यासारखा आहे, त्यांनी गावाचं नाव आणि टॉवर साधारण किती तास बंद असतो ते खाली लिहून ठेवा. दुकानदाराचं पहिलं लिहून घेतलंय.