पहिला आकडा

पुणे, रविवार

प्रिय मुग्धा,


काल फोनवर तू सांगितलंस, "मावशी, नव्या कंपनीने सध्याचा सीटीसी विचारला, मी सहा लाख म्हटलं. त्यांनी साडेसात देऊ केले, मी आठपर्यंत ओढले." आवाजातला आनंद ऐकून तेव्हा गप्प बसले. पण बारा वर्षं भरतीच्या कामात टेबलाच्या पलीकडे बसले आहे, आणि गुरुवारी तुला होकार कळवायचा आहे, म्हणून लिहिते.

तुझ्याबरोबरीचं काम करणाऱ्या दोन मैत्रिणींना दहा-अकरा लाख मिळतात, हे दिवाळीत तूच सांगितलं होतंस. काल मात्र तो आकडा तुझ्या बोलण्यात आलाच नाही. साडेसात म्हणजे पंचवीस टक्के वाढ, आठ म्हणजे तेहतीस टक्के. तुम्ही दोघंही टक्क्यांत घासाघीस करत होतात, आणि ते टक्के सहाचे होते. या कामाचं मोल किती, हा प्रश्न बाजूलाच राहिला.

मानसशास्त्रात याला 'अँकरिंग' म्हणतात. नांगर टाकलेली होडी फिरते, पण दोर पुरेल तेवढीच. पहिला आकडा असाच नांगर होतो.

तुला वाटेल, अनुभवी माणूस फसत नसेल. अमेरिकेत ॲरिझोनातल्या टूसॉन शहरात नॉर्थक्राफ्ट आणि नील या संशोधकांनी हेच तपासलं, 1987 साली ते प्रसिद्ध झालं. घरांचे व्यवहार करणाऱ्या एजंटांना त्यांनी एक खरं घर फिरून दाखवलं आणि माहितीची जाडजूड फाइल दिली. सगळ्यांना माहिती तीच, फक्त मालकाने मागितलेली किंमत वेगळी: काहींच्या फाइलीत 65,900 डॉलर, काहींच्या 83,900. पहिल्या गटाने घराची किंमत सरासरी 67,811 डॉलर ठरवली, दुसऱ्याने 75,190. म्हणजे मागणीत 18,000 डॉलरचा फरक होता, त्यातला 41 टक्के अंदाजात उतरला. अनुभव नसलेल्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत हेच प्रमाण 48 टक्के निघालं. अनुभवाने एवढंच वाचवलं. आणि किंमत कशावरून ठरवली असं विचारल्यावर बहुतेक एजंटांनी मागणीच्या किमतीचं नावही घेतलं नाही.

ते खोटं बोलत होते असं मला वाटत नाही. माझ्या टेबलावरही हेच घडायचं. उमेदवाराच्या अर्जात सध्याच्या पगाराचा रकाना अगदी वर असे. सारख्याच अनुभवाचे दोघे आले, तरी कमी पगारवाल्याच्या उणिवा मला आधी दिसत आणि जास्त पगारवाल्याचे गुण. मी पगाराकडे बघून ठरवते असं मला कधीच वाटलं नाही. मी कारणं बघूनच ठरवत होते. पण ती कारणं त्या आकड्यानेच वेचून माझ्यापुढे ठेवलेली असत. हे लक्षात आल्यावर मी तो रकाना कागदाने झाकून अर्ज वाचायला लागले. कॅलिफोर्नियात तर 2018 पासून नोकरी देणाऱ्याला आधीचा पगार विचारायलाच कायद्याने मनाई आहे.

जाणीव अपुरी पडते ती इथेच. आकडा आपल्याला ओढतोय हे कळलं, तरी किती ओढतोय ते कळत नाही, त्यामुळे किती मागे सरायचं याचा हिशेब लागत नाही. शिवाय आपण आकड्यावर संशय घेतो, त्याने सुचवलेल्या कारणांवर नाही. ती आपलीच वाटतात.

म्हणून नुसतं सावध राहू नकोस, उलट बाजूची कारणं शोध. जर्मनीत मोटारींच्या जाणकारांवर असा प्रयोग झाला होता. एका जुन्या गाडीची किंमत ठरवण्याआधी त्यांना एक आकडा ऐकवला, आणि काही जणांना तो चुकीचा का असेल याची कारणं विचारली. ज्यांनी कारणं दिली, त्यांच्यावर आकड्याची ओढ बरीच कमी पडली. संपली मात्र नाही.

आज रात्री कागद घे. 'आठ कमी का आहेत' याची चार कारणं लिही, तुझ्या कामातली, पुराव्यासकट: कोणती जबाबदारी एकटीने सांभाळलीस, नव्या जागी काय काय वाढणार आहे. मग आणखी तीन-चार जणांना त्यांचा पगार विचार. दोघींवरून बाजार ठरत नाही. हातात येणारे किती आणि व्हेरिएबल किती, तेही वेगळं विचार, नाहीतर तुलना फसते. त्यावरून तुझा आकडा ठरव आणि लिहून ठेव. बुधवारी कंपनीला फोन करशील तेव्हा कागद समोर असू दे, आणि 'किती टक्के वाढ' हे शब्द तोंडातून काढू नकोस. "या कामासाठी माझी अपेक्षा इतकी आहे," एवढंच म्हण आणि ती चार कारणं सांग.

चौकशीत बाजारच आठ-साडेआठचा निघाला, तर आनंदाने हो म्हण. तेव्हा ते आठ तू मोजून घेतलेले असतील.

तुझी,
मावशी