कढईचा फोटो आणि तळणाचं तेल

रमजानमध्ये असरनंतर मीरा रोडच्या नया नगरमध्ये तळणाच्या कढया ओळीने लागतात. भजी, समोसे, चिकन पकोडे, जे मागाल ते. यंदा माझ्या भाचीने तिथूनच एका कढईचा फोटो मोबाइलवर पाठवला आणि खाली लिहिलं, “खाला, हे तेल बघा. इथली भजी घेऊ का?” तेल जवळजवळ काळं दिसत होतं. घरातल्या लग्नकार्यात तळणाची जबाबदारी बरीच वर्षं माझ्याकडे आहे, म्हणून तिने मला विचारलं.

रंगावरून निकाल द्यायला मी तयार नव्हते. लोखंडी कढईचा तळ काळा असतो, त्यामुळे ताजं तेलही फोटोत गडद दिसतं. त्यात वरून पिवळा बल्ब. शिवाय काय तळलं यावर रंग ठरतो. लाल तिखट लावलेलं चिकन दोन घाण्यांतच तेल लालसर तपकिरी करतं आणि बेसनाचे कण तळाशी जळून ते काळपट होतं. असं तेल त्याच दिवशीचंही असू शकतं. उलटही घडतं. कालच्या तेलात विक्रेता नवं तेल ओततो, रंग उजळतो, पण जुन्या तेलातला बिघाड त्यातच राहतो, फक्त पातळ होतो. म्हणून काळं तेल पाहून शंका घ्यावी, पण फिकं तेल पाहून निर्धास्त होऊ नये.

फेस जास्त बोलका असतो, पण तो केव्हाचा आहे हे कळायला हवं. भजी सोडली की पिठातलं आणि कांद्यातलं पाणी वाफ होऊन वर येतं. ताज्या तेलात त्याचे मोठे बुडबुडे भज्यांभोवती उठतात आणि लगेच फुटतात. भजी काढली की तेल शांत होतं. वारंवार तापलेलं तेल मात्र दाट होतं आणि त्यात साबणासारखं काम करणारे पदार्थ तयार होतात. मग बुडबुडे फुटत नाहीत. बारीक फेसाची साय कढईभर पसरते आणि कडेने वर चढते. भाचीच्या फोटोत फेस होता, पण कढईत भजीही होती. एवढ्यावरून काहीच ठरत नव्हतं.

मी तिला सांगितलं, “झाऱ्याने घाणा काढला की पुढचा सोडायच्या आधी अर्धा मिनिट व्हिडिओ घे. कढईची कडही दिसू दे.” तो व्हिडिओ आला. तेल रिकामं होतं, तरी बारीक फेस तसाच होता. कडेला डिंकासारखा तपकिरी चिकट थर होता आणि भजी नसतानाही निळसर धूर येत होता. धूर एकट्याने पुरेसा नाही, कारण आच फार मोठी असली तर चांगलं तेलही धुरावतं. पण इथे तिन्ही खुणा एकत्र होत्या.

वास राहिला होता, आणि तो फोटोत येत नाही. तिला म्हटलं, “दोन पावलं जवळ जा. खवट, जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास येतो का? घशात खवखवतं का?” शेजारी कबाबाची शेगडी असल्याने तिला नीट कळेना. बाजारात हे असंच होतं. तरी मी म्हटलं, “राहू दे, फळं घे.”

पण त्याच वेळी हेही बजावलं, की तो फोटो मोहल्ल्याच्या ग्रुपवर टाकू नकोस. आपण घ्यायचं की नाही, एवढं ठरवायला या खुणा पुरतात; कुणावर आळ घ्यायला पुरत नाहीत. कायद्याचं माप वेगळं आहे. तेल तापून बिघडलं की त्यात ‘ध्रुवीय संयुगं’ वाढतात. त्यांचं प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेलं, तर ते तेल वापरता येत नाही. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचा हा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. हे प्रमाण गरम तेलात बुडवायच्या मीटरवर किंवा प्रयोगशाळेत कळतं, डोळ्यांनी नाही. खरीच तक्रार करायची असेल, तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे जागा, तारीख आणि वेळ लिहून द्यावी. नमुना घेण्याचा अधिकार तिथल्या अन्न सुरक्षा अधिकाऱ्याला असतो.

आपल्या घरच्या कढईलाही हेच लागू आहे. इफ्तारचं तळण झालं की तेल थंड करून कपड्याने गाळावं, म्हणजे जळके कण पुढच्या वेळी पुन्हा जळत नाहीत. पुन्हा तळण्याऐवजी ते एक-दोन दिवसांत भाजी-सालनाला वापरून संपवावं. आणि रिकाम्या कढईत फेस टिकू लागला, तर ते तेल टाकून द्यावं; मोरीत मात्र ओतू नये, नळी तुंबते.