शब्द तोंडातून निघतो तेव्हा

भाषणाच्या व्हिडिओला सबटायटल लावायचं काम मी मजकुरापासून सुरू करते. वेळेकडे तेव्हा पाहतही नाही. आधी पूर्ण भाषण कानाला हेडफोन लावून उतरवायचं, मग ते पुन्हा ऐकत तपासायचं आणि मगच टायमिंगला बसायचं. दोन्ही एकदम करायला गेलं की लक्ष वेव्हफॉर्मच्या उंचवट्यांकडे राहतं आणि 'होतो'चं 'होता' होऊन जातं.

उतरवताना पहिला प्रश्न येतो तो बोलीचा. वक्ता 'केलं', 'सांगितलं' म्हणत असेल, तर पडद्यावर 'केले', 'सांगितले' लिहू नये. ऐकू येणारा शब्द आणि दिसणारा शब्द वेगळे पडले की वाचणारा दर ओळीला अडखळतो. कुणाच्या तोंडचं बोलणं लिहिताना अशी रूपं वापरायला शुद्धलेखनाचीही हरकत नाही. वक्ता 'व्हतं' म्हणाला तर मी 'व्हतं'च ठेवते, कारण ते त्याच्या गावचं बोलणं आहे, त्याची चूक नाही.

गाळायचं ते वेगळंच असतं. 'म्हणजे काय आहे की', 'तर ते हे', वाक्य अर्ध्यात तोडून पुन्हा केलेली सुरुवात, हे गाळलं तरी भाषणाचं काही जात नाही. पण 'पाणी, पाणी आणि पाणी' यातला एकही शब्द हलवायचा नाही. पहिल्या प्रकारात वक्ता शब्द शोधत असतो, दुसऱ्यात तो तेच पुन्हा पुन्हा ठासून सांगत असतो. फरक कानाला लगेच कळतो: शोधताना आवाज खाली येतो, ठासताना चढत जातो.

आता टायमिंग. एका ग्रामीण साहित्य संमेलनातलं एका निवृत्त शिक्षकांचं भाषण माझ्याकडे आलं होतं. त्यात एक वाक्य होतं: गावात रस्ता आला, शाळा आली, दवाखाना आला, विहिरीला पाणी मात्र आलं नाही. 'दवाखाना आला' म्हटल्यावर सर थांबले. वेव्हफॉर्मवर ती जागा जवळजवळ सपाट दिसत होती, सुमारे 1.8 सेकंद. मग पुढचं वाक्य आणि त्यावर सभागृहातला हशा.

दोन्ही वाक्यं दोन ओळींत सहज मावतात, म्हणून ती एकाच सबटायटलमध्ये घालायचा मोह होतो. तसं केलं तर प्रेक्षक विहिरीपर्यंत वाचून मोकळा होतो आणि सर अजून दवाखान्यातच असतात. सरांनी राखून ठेवलेलं वाक्य आपण आधीच फोडलेलं असतं. म्हणून ते असं बसतं:

```
214
00:18:06,120 --> 00:18:08,560
गावात रस्ता आला, शाळा आली, दवाखाना आला.

215
00:18:09,960 --> 00:18:11,920
विहिरीला पाणी मात्र आलं नाही.
```

पहिल्या वाक्याचा आवाज 08,160 ला संपतो. त्यानंतर मी ओळ 400 मिलिसेकंद रेंगाळू दिली, म्हणजे डोळ्यांना ती पुरी करायला सवड मिळते. मग पडदा रिकामा. तो रिकामा पडदा हाच सरांचा विराम. ऐकू न येणाऱ्या माणसाला थांबणं दाखवायचा दुसरा साधा मार्ग माझ्याकडे नाही. विराम अर्ध्या सेकंदाच्या आतला असेल, तर मात्र मी मधे पडदा रिकामा सोडत नाही, कारण मग अक्षरं नुसती लुकलुकतात.

सुरुवात पकडताना वेव्हफॉर्मवर डोळे मिटून विसंबू नये. 'विहिरीला'मधला 'वि' आवाजासकट सुरू होतो, त्यामुळे रेषेवर ठळक दिसतो. 'स' आणि 'श' यांची सुरुवात मात्र बारीक खरखरीसारखी असते आणि उंचवटा पुढच्या स्वरावर येतो. उंचवट्यावर खूण केली तर ओळ किंचित उशिरा उमटते. म्हणून खूण केल्यावर तेवढाच तुकडा ऐकायचा. पहिलं अक्षर कापलं गेलं असेल, तर खूण एक-दोन फ्रेम मागे घ्यायची. सेकंदाला 25 फ्रेम असतील, तर एक फ्रेम म्हणजे 40 मिलिसेकंद.

मराठीत सगळ्यात जपावं लागतं ते वाक्य कुठे तोडायचं याला. आपलं क्रियापद शेवटी येतं आणि नकार त्याच्याही मागून. त्याच भाषणात सर म्हणाले, "नव्या पिढीला वाचनाची आवड नाही, असं मी मुळीच म्हणत नाही." हे वाक्य स्वल्पविरामावर तोडून दोन सबटायटल केली, तर दीड-दोन सेकंद पडद्यावर सरांच्या म्हणण्याच्या नेमकं उलटं वाक्य उभं राहतं. कुणी तेवढ्यात स्क्रीनशॉट काढला, तर ते चित्र व्हॉट्सॲपवर सरांच्या नावावर फिरत राहील. म्हणून ते एकाच सबटायटलमध्ये, दोन ओळींत ठेवलं: वर 'नव्या पिढीला वाचनाची आवड नाही, असं' आणि खाली 'मी मुळीच म्हणत नाही.' 'असं' मुद्दाम वरच्या ओळीत ठेवलं, म्हणजे ओळ संपली तरी वाक्य संपलेलं नाही हे वाचणाऱ्याला कळतं.

एवढी लांब ओळ वाचून होईल का? सॉफ्टवेअर दर सेकंदाला किती अक्षरं येतात ते मोजतं आणि जास्त झाली की ओळ लाल करतं. ते मोजमाप बहुधा रोमन लिपीच्या सवयीचं असतं. युनिकोडच्या हिशेबात 'स्त्री' हे सहा चिन्हांचं आहे: स, हलन्त, त, हलन्त, र आणि ईकार. डोळा मात्र ते एका झटक्यात वाचतो. त्यामुळे मी लाल रंगाला इशारा मानते, निकाल मानत नाही. आवाज बंद करून ओळ मनात सावकाश वाचते. ती नाहीशी होण्याआधी वाचून झाली, तर पुरे.

टंकताना एक मराठी अक्षर हमखास दगा देतं: 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' यांतला अर्धा ऱ. तिथे साधा र आणि हलन्त टंकला की त्याचा रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो. नुक्त्याचा ऱ घेतला की तो जागच्या जागी राहतो. फाइल UTF-8 मध्ये जतन केली नाही, तर सगळीच देवनागरी प्रश्नचिन्हांत निघते. ते निदान लगेच दिसतं, हा रफार मात्र नजरेतून निसटतो.

काम झालं की फाइल तीन ठिकाणी तपासते: पहिल्या मिनिटात, मध्यावर आणि आभाराच्या आधी. तिन्हीकडे ओळी आवाजाच्या सारख्याच आधी उमटत असतील, तर व्हिडिओच्या सुरुवातीला कुणीतरी पाटी जोडलेली असते. सगळ्या खुणा तेवढ्याच पुढे सरकवल्या की भागतं. सुरुवातीला जुळतंय, मध्यावर थोडं सुटलंय आणि शेवटी वाक्यच निघून गेलंय, असं असेल तर सरकवून उपयोग नाही. तिथे फ्रेमचा वेग बदललेला असतो. मोबाइलवरचं चित्रण तर बऱ्याचदा चालू असतानाच वेग बदलत राहतं. असा व्हिडिओ टायमिंगला बसण्याआधीच एका ठरावीक वेगात बदलून घ्यावा आणि पुढचं सगळं काम त्याच प्रतीवर करावं.

शेवटची तपासणी मी आवाज पूर्ण बंद करून करते. मजकूर तोवर पाठ झालेला असतो, त्यामुळे चुका दिसत नाहीत. म्हणून भाषण न ऐकलेल्या कुणाला तरी शेजारी बसवते आणि विचारते, लोक इथे कशाला हसले? उत्तर बरोबर आलं की फाइल पाठवते. नाही आलं, तर त्या जागेच्या आधीच्या दोन ओळी पुन्हा उघडते. दोष बहुतेक वेळा तिथेच सापडतो.